रस्त्यातल्या जाममुळे नागपूरहून विमान हुकलं तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात माझी तिकीट बुकिंगची छोटी कचेरी आहे. खाली दिलेले प्रश्न गेल्या काही वर्षांत ग्राहकांनी फोनवर आणि व्हॉट्सअॅपवर पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत. त्यातले बरेचसे वर्धा रोडवर उभ्या असलेल्या गाडीतून आलेले होते. उत्तरं देशांतर्गत विमानाच्या साध्या इकॉनॉमी तिकिटाला धरून लिहिली आहेत. जिथे नियम वेगळा आहे तिथे तसं सांगितलं आहे. रुपयांचे आकडे हिशोब समजावा म्हणून गोल केलेले आहेत. तुमच्या तिकिटाचा खरा आकडा तिकिटावरच्या भाडे-नियमांत सापडेल.

१. विमान सुटायला अजून पन्नास मिनिटं आहेत, तरी काउंटरवाले 'बंद झालं' म्हणतात. असं कसं?

तिकिटावर छापलेली वेळ ही विमान जागेवरून हलण्याची वेळ असते. तुमचं विमान त्याच्या बरंच आधी बंद होतं. आपल्याकडे देशांतर्गत विमानाचा चेक-इन काउंटर साधारण ६० मिनिटं आधी बंद होतो. मोठी बॅग जमा करण्याची मुदतही तीच. बोर्डिंग गेट २० ते २५ मिनिटं आधी बंद होतं. म्हणजे संध्याकाळी ७:१० च्या विमानाला ६:१० ही पहिली भिंत आणि पावणेसातच्या आसपास दुसरी.

काउंटर बंद झाल्यावर प्रवाशांची आणि सामानाची यादी गोठवली जाते. त्यावरून विमानाचं वजन आणि तोल यांचा हिशोब होतो, बॅगा तपासून विमानाकडे रवाना होतात. त्यानंतर समोर बसलेल्या मुलीला तुमची कितीही दया आली तरी तिच्या संगणकावर ते विमान तिला उघडता येत नाही. तिच्यावर आवाज चढवून काही मिळत नाही, आणि त्यात गेलेली दहा मिनिटं प्रश्न ७ मधल्या कामाला हवी असतात.

२. वेब चेक-इन केलेलं असेल तर साठ मिनिटांची अट लागत नाही ना?

बॅग जमा करायची नसेल तर लागत नाही. बोर्डिंग पास मोबाईलवर असेल आणि सोबत फक्त केबिनमध्ये नेण्याजोगी, साधारण सात किलोपर्यंतची बॅग असेल, तर तुम्ही काउंटरकडे न वळता थेट सुरक्षा तपासणीच्या रांगेत जाऊ शकता. मग तुमची खरी मुदत म्हणजे गेट बंद होण्याची वेळ. नागपूरचं टर्मिनल मुंबई-दिल्लीसारखं पसरलेलं नाही. प्रवेशदारापासून गेटपर्यंत चालायला फार वेळ लागत नाही, लागतो तो तपासणीच्या रांगेत. सकाळी आणि संध्याकाळी तीन-चार विमानं पाठोपाठ असली की रांग वाढते.

जाममध्ये अडकलेल्या माणसाला पस्तीस-चाळीस मिनिटं मिळवून देणारी दुसरी कोणतीही युक्ती मला माहीत नाही. पण एक अडचण आहे. वेब चेक-इनसुद्धा साधारण ६० मिनिटं आधी बंद होतं. बुटीबोरीच्या जाममध्ये उभं राहून, विमानाला पंचावन्न मिनिटं उरलेली असताना ते करायला गेलात तर होत नाही. म्हणून ते आदल्या दिवशीच करा. बहुतेक कंपन्यांत ते ४८ तास आधी उघडतं. आणि बोर्डिंग पासचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, नेटवर्क नेमकं नको तेव्हा जातं.

३. वेब चेक-इन झालंय, पण डिक्कीत मोठी बॅग आहे. आता काय?

तुम्ही साठ मिनिटांच्या आत पोहोचत नसाल, पण गेट बंद होण्याआधी पोहोचाल असं दिसत असेल, तर बॅग मागे ठेवा आणि तुम्ही जा. हे ऐकायला कठोर वाटतं, पण मी दरवेळी हेच सांगतो. गाडी चालवणारा घरचा असेल तर बॅग त्याच्याकडे ठेवा. एकदोन दिवसांत कुरिअरने मागवता येते, आणि त्याचा खर्च नव्या तिकिटापेक्षा कितीतरी कमी असतो. भाड्याची टॅक्सी असेल तर हा मार्ग बंद होतो, कारण ओळख नसलेल्या ड्रायव्हरकडे सामान सोडायला मी सांगणार नाही.

गाडी अडकलेली असते त्याच वेळात लागणाऱ्या वस्तू छोट्या बॅगेत हलवा: औषधं, कागदपत्रं, चार्जर, दोन कपडे. पॉवर बँक तर केबिनमध्येच न्यावी लागते. चाकू, कात्री, लायटर छोट्या बॅगेत येऊ देऊ नका. लोणच्याची बरणी आणि तिखटाची पुडीही मोठ्या बॅगेतच राहू द्या, ती तपासणीत अडण्याची शक्यता असते. संत्राबर्फी हातात नेता येते.

४. हुकलं तर पुढच्या विमानात स्टँडबाय बसवतात ना? माझ्या भाच्याला अमेरिकेत बसवलं होतं.

भाच्याचं खरं असणार. तिथल्या काही विमान कंपन्यांमध्ये एक अलिखित रीत आहे. प्रवासी वाटेत अडकला आणि विमान सुटल्यावर साधारण दोन तासांच्या आत विमानतळावर हजर झाला, तर त्याला पुढच्या विमानात जागा रिकामी राहिली तर बसू, अशा यादीत घेतात. तिथेही तो हक्क नाही, कर्मचाऱ्याच्या मर्जीवर आहे.

आपल्याकडे देशांतर्गत स्वस्त तिकिटांवर अशी रीत नाही. विमान हुकलं की तुमच्या नावापुढे नो-शो लागतं आणि त्या तिकिटाचं मूळ भाडं संपतं. पुढच्या विमानात वीस जागा रिकाम्या असल्या तरी त्या विकायला आहेत. 'बसून राहतो, कुणी आलं नाही तर घ्या' असं म्हणून लाउंजच्या खुर्चीत रात्र काढलेले लोक मी पाहिले आहेत, त्यांच्या हाती काही लागलं नाही.

मधला एक मार्ग कधीकधी निघतो. काउंटर नुकताच बंद झाला आहे, विमान अजून उभं आहे, आणि त्याच कंपनीचं त्याच गावाला पुढचं विमान त्याच दिवशी आहे, अशा वेळी कंपनीचा ड्युटी मॅनेजर ठरावीक शुल्क घेऊन तुम्हाला पुढच्या विमानावर हलवू शकतो. हे त्याच्या अधिकारात असेल तरच होतं, जागा असेल तरच होतं आणि विमान सुटल्यावर बहुधा होत नाही. मागून बघायला हरकत नाही. पण या आशेवर घरून उशिरा निघू नका.

५. पोहोचणार नाही हे रस्त्यातच कळलं. तिकीट आत्ताच बदलू का, की जाऊन बघू?

या पानावरचा सर्वात महागडा निर्णय हाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विमान सुटण्याआधी एका ठरावीक वेळेपर्यंत तुम्ही स्वतः ॲपवरून तिकीट दुसऱ्या विमानावर हलवू शकता. ही मुदत कंपनीनुसार आणि भाड्याच्या प्रकारानुसार बदलते. देशांतर्गत तिकिटावर बऱ्याचदा ती सुमारे दोन तासांची असते. तोवर तुम्ही शुल्क भरून बदल करणारे ग्राहक असता. ती वेळ टळली की नो-शो होण्याची वाट बघणारे प्रवासी होता. आणि ही दोन तासांची रेघ लोक गाडीत असतानाच ओलांडतात, 'बघू, जाम सुटेल' असं म्हणत.

मागच्या हिवाळ्यातलं उदाहरण घ्या. चंद्रपूरचा एक ग्राहक एकटाच मुंबईला निघाला होता. विमान संध्याकाळी ७:१० चं, सोबत एक मोठी बॅग. चंद्रपूर ते नागपूर विमानतळ साधारण दीडशे किलोमीटर, वरोरा, जांब, बुटीबोरीवरून. विमानतळ वर्धा रोडवरच असल्याने शहर ओलांडावं लागत नाही, तीन तास पुरतात. तो पावणेतीनला निघाला. हिशोबाने पावणेसहाला पोहोचायला हवा होता, म्हणजे काउंटर बंद व्हायच्या पंचवीस मिनिटं आधी. वरोऱ्यानंतर एक ट्रक आडवा झाला होता, तिथे पाऊण तास गेला. ५:०५ ला तो जांबजवळ होता आणि त्याने मला फोन केला.

जांबहून विमानतळ पासष्ट-सत्तर किलोमीटर. पुढे रस्ता मोकळा मिळाला तरी सव्वा तास. म्हणजे ६:२० च्या आधी नाही. काउंटर ६:१० ला बंद होणार होता. बॅग सोडायला कुणी नव्हतं, गाडी भाड्याची होती. आणि त्याच्या तिकिटाची बदलाची मुदत ५:१० ला संपत होती. आमच्याकडे पाच मिनिटं होती.

त्याचं तिकीट एकूण ५,६०० रुपयांचं. त्यात मूळ भाडं ४,८००, कर आणि विमानतळाची शुल्कं मिळून ८००. बदलाचं शुल्क ३,०००. दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाचं भाडं ६,८०० दिसत होतं, म्हणजे फरक १,२००. बदल केला तर खिशातून आणखी ४,२०० जाणार. न बदलता विमान हुकू दिलं तर ८०० परत मिळणार (प्रश्न ६) आणि सकाळच्या विमानाचं नवं तिकीट काढावं लागणार. रात्रीपर्यंत ते ७,८०० ला गेलं, म्हणजे निव्वळ ७,००० चा फटका. त्याने ५:०८ ला बदल केला आणि २,८०० वाचवले. तो विमानतळावर ६:३५ ला पोहोचला असता. दोन्ही भिंतींमधल्या वेळात, पण बॅगेसकट.

यातून नियम एवढाच घ्या: सुटण्याच्या अडीच तास आधी कुठे आहात ते बघा, नकाशावर पोहोचण्याची वेळ बघा, त्यात वीस मिनिटं मिळवा. तरीही प्रश्न १ मधली तुमची भिंत गाठता येत नसेल तर मुदत असेतो तिकीट बदला. बॅग नसेल आणि वेब चेक-इन झालेलं असेल तर भिंत गेटची धरा, काउंटरची नाही. तेव्हा बहुतेक वेळा न बदलता जाणंच बरोबर ठरतं.

६. नो-शो झालं म्हणजे सगळे पैसे बुडाले?

सगळे नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या परताव्याच्या नियमानुसार विमान कंपनीला तुम्ही न वापरलेल्या तिकिटावरचे वैधानिक कर आणि विमानतळाशी निगडित शुल्कं परत द्यावी लागतात. यात वापरकर्ता विकास शुल्क म्हणजे यूडीएफ येतं. हे नो-शोलाही लागू आहे, आणि मूळ भाडं अजिबात परत मिळणार नाही असं लिहिलेल्या सवलतीच्या तिकिटालाही. परतावा करण्यासाठी वेगळं शुल्क लावता येत नाही.

बऱ्याच लोकांना हे माहीत नसतं आणि पैसे आपोआप येतातच असं नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर कर परताव्याची विनंती शोधा, नाहीतर ग्राहक सेवेला पीएनआर देऊन 'नो-शोवरचा कर परतावा हवा' एवढं स्पष्ट लिहा. रक्कम तिकिटाच्या तपशिलात ओळीनुसार दिसते. आणखी एक गोष्ट: हे पैसे कंपनीच्या खात्यात क्रेडिट म्हणून ठेवायचे की नाही, हे तुम्ही ठरवायचं. क्रेडिट नको असेल तर तसं लिहा.

७. विमान गेलं. मी आत्ता विमानतळावर उभा आहे. पहिलं काम कोणतं?

मोबाईल उघडा आणि पुढच्या दोन विमानांची भाडी बघा, सर्व कंपन्यांची. काउंटरवर जायच्या आधी हा आकडा तुमच्याजवळ हवा. मग तुमच्या कंपनीच्या तिकीट काउंटरवर जाऊन दोनच प्रश्न विचारा: 'या पीएनआरवर शुल्क घेऊन पुढच्या विमानावर हलवता येईल का?' आणि 'परतीचं किंवा पुढचं तिकीट शाबूत आहे का?' पहिल्याचं उत्तर होकारार्थी आलं तर शुल्क आणि भाड्यातला फरक दोन्ही मिळून एकूण किती ते विचारा आणि मोबाईलवरच्या आकड्याशी ताडून बघा. काही वेळा ताजं तिकीट स्वस्त पडतं. दुसऱ्या प्रश्नाचं महत्त्व प्रश्न ११ मध्ये आहे.

एका कंपनीचं हुकलेलं तिकीट दुसऱ्या कंपनीत चालत नाही. दुसरीकडे जायचं तर नवं तिकीटच काढावं लागतं.

८. माझं तिकीट दोन हजार आठशेचं होतं. तेही बदलायची धडपड करू का?

नको. रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त घेता येत नाही, असा नियम आहे. त्यामुळे स्वस्त तिकिटावर अख्खं मूळ भाडंच शुल्कात जातं. बदलाचं शुल्कही तेवढ्याच घरात असतं. म्हणजे बदललं काय आणि हुकू दिलं काय, हाती फक्त कर उरतात. अशा वेळी नवं तिकीट लवकर काढण्यात फायदा आहे, कारण भाडं दर तासाला चढू शकतं. प्रश्न ५ चा हिशोब साधारण चार हजारांवरच्या मूळ भाड्याला उपयोगी पडतो.

९. आज पोहोचणं भागच आहे. रेल्वे किंवा रस्त्याने जमेल का?

मुंबईसाठी जमू शकतं. नागपूरहून रात्री मुंबईला जाणारी दुरांतो सकाळी पोहोचते. संध्याकाळी विदर्भ एक्स्प्रेस आहे. तत्काळचं बुकिंग आदल्या दिवशी उघडतं, त्यामुळे त्याच दिवशी त्याचा भरवसा नाही. पण चार्ट तयार झाल्यावर उरलेल्या जागा करंट बुकिंगमध्ये मिळतात, त्या ॲपवर बघत राहा. एकट्या माणसाला एसी थ्री टियरमध्ये अधूनमधून जागा लागते, चौघांना क्वचित.

समृद्धी महामार्ग आता नागपूर ते मुंबईपर्यंत पूर्ण खुला आहे, ७०१ किलोमीटर. आठ तासांचा प्रवास असं म्हणतात. पण विमान हुकवून थकलेल्या माणसाने रात्रीच त्या सरळ रस्त्यावर स्वतः गाडी घालावी, असं मी कुणालाच सांगत नाही. ड्रायव्हर बदली असेल तर वेगळं. पुणे, बंगळुरू, दिल्लीसाठी मात्र दुसऱ्या दिवशीचं सकाळचं विमान बहुधा सगळ्यांच्या आधी पोहोचतं.

१०. तिकीट ऑनलाइन पोर्टलवरून काढलंय. बदल कुठून करायचा?

नियम असा की ज्याच्याकडून काढलं त्याच्याकडून बदलायचं, आणि पोर्टल स्वतःचं शुल्क वर लावतं. पण घाईत पोर्टलच्या हेल्पलाइनवर दहा मिनिटं संगीत ऐकत बसणं परवडत नाही. आधी विमान कंपनीच्याच संकेतस्थळावर पीएनआर आणि आडनाव किंवा ईमेल टाकून बघा. बऱ्याचदा तिथून थेट बदल होतो. पोर्टलने तिकिटावर स्वतःचा ईमेल टाकलेला असेल तर अडतं. म्हणून तिकीट काढताना स्वतःचाच मोबाईल नंबर आणि ईमेल नोंदला आहे का, हे तपासा. विमानाच्या वेळेतल्या बदलाचे निरोपही त्याच नंबरवर येतात.

माझ्यासारख्या एजंटकडून काढलं असेल तर फोन करा, पण 'कुठे आहे, किती वाजता पोहोचेन, बॅग आहे का' या तीन गोष्टी पहिल्याच वाक्यात सांगा.

११. जाताना विमान हुकलं. परतीचं तिकीट तरी चालेल ना?

एकाच पीएनआरवर जाण्या-येण्याचं तिकीट असेल आणि जाताना तुम्ही नो-शो झालात, तर पूर्ण सेवा देणाऱ्या कंपन्या साधारणपणे पुढचे सगळे टप्पे आपोआप रद्द करतात. तिकीट क्रमानेच वापरायचं, असा त्यांचा नियम असतो. स्वस्त सेवेच्या कंपन्यांमध्ये परतीचा टप्पा अनेकदा शाबूत राहतो, पण ते गृहीत धरू नका. विमान हुकलेल्या दिवशीच कंपनीकडून खात्री करून घ्या आणि ती चॅटवर किंवा ईमेलवर घ्या.

माझा एक ग्राहक जाताना रेल्वेने गेला, लग्न आटोपलं, आणि परतीला विमानतळावर गेल्यावर त्याला कळलं की तिकीट आठवड्याभरापूर्वीच रद्द झालं होतं. एक फोन केला असता तर ते वाचलं असतं. जाण्या-येण्याची तिकिटं दोन वेगळ्या पीएनआरवर असतील तर हा प्रश्नच येत नाही.

१२. नागपूरहून मुंबई आणि तिथून पुढे परदेशी विमान आहे. नागपूरचं हुकलं तर?

दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर असतील तर नागपूरला नो-शो लागताच पुढचा टप्पाही जातो. तुम्ही टॅक्सीने किंवा दुसऱ्या विमानाने मुंबई गाठली तरी तिथे 'तुमचं नाव यादीत नाही' असं ऐकावं लागतं. म्हणून इथे क्रम बदला: पहिला फोन कंपनीला करा, आणि नागपूरचं विमान सुटण्याआधी करा. पुढचा टप्पा वाचवून पहिला सोडता येईल का, किंवा पूर्ण प्रवास पुढे ढकलता येईल का, ते विचारा. शुल्क मोठं असू शकतं, पण परदेशी तिकीट अख्खं जाण्यापेक्षा ते परवडतं.

दोन वेगळी तिकिटं असतील तर पुढचं तिकीट शाबूत आहे, पण वेळेत मुंबईला पोहोचणं ही सर्वस्वी तुमची जबाबदारी. मुंबईची कंपनी तुमच्यासाठी थांबणार नाही आणि भरपाईही देणार नाही. वेगळ्या तिकिटांवर परदेशी जाणाऱ्यांना मी नागपूरहून आदल्या रात्रीच पाठवतो. थेट नागपूरहून परदेशी जायचं असेल तर काउंटर देशांतर्गत विमानापेक्षा लवकर बंद होऊ शकतो, आणि पुढचं विमान दुसऱ्या दिवशी असेलच असं नाही.

१३. विमानच दीड तास लेट आहे असा मेसेज आला. मग मीही उशिरा पोहोचलो तर चालेल?

त्यावर निवांत होऊ नका. काही वेळा काउंटर नव्या वेळेनुसार उघडा ठेवतात, काही वेळा मूळ वेळेलाच बंद करतात, आणि उशीर कमीही होऊ शकतो. मेसेजमध्ये 'नवी सुटण्याची वेळ' स्पष्ट दिली असेल तरी कंपनीला फोन करून काउंटर किती वाजता बंद होणार, एवढंच विचारा. आधीच जाममध्ये असाल तर मात्र हा मेसेज तुमच्या बाजूचा आहे. तिकीट बदलायची घाई थांबवा आणि रस्ता पकडून राहा. विमान फार लेट झालं किंवा रद्द झालं तर बिनशुल्क बदल किंवा परतावा मिळू शकतो, आणि तुम्ही आधीच पैसे भरून तिकीट बदललं असेल तर ते परत मागणं अवघड जातं.

१४. घरचे दोघे पोहोचले, आम्ही दोघे मागच्या गाडीत आहोत. ते काउंटर धरून ठेवू शकतात का?

काउंटर धरता येत नाही. पण चौघांचं वेब चेक-इन झालेलं असेल तर पुढे पोहोचलेले दोघे सर्वांच्या मोठ्या बॅगा, त्यांच्या गाडीत असतील तर, मुदतीत जमा करू शकतात का, ते तिथे विचारा. ते त्या कंपनीवर आणि वजनाच्या मर्यादेवर अवलंबून आहे. मागचे दोघे न आल्यास त्यांच्या नावावर जमा झालेली बॅग विमानातून उतरवली जाते, त्यामुळे मागच्यांचं येणं नक्की नसेल तर हे करू नका.

मागच्यांना जमणारच नसेल तर पुढच्या दोघांनी जावं. चौघांचा एकच पीएनआर असेल तर बदल करण्याआधी तो फोडून दोघांचा वेगळा करून घ्यावा लागतो. ॲपवर तसा पर्याय नसतो तेव्हा फोन किंवा काउंटरवरून करतात. न फोडता 'बदला' दाबलं तर कधीकधी चौघांचंही तिकीट हलतं. एकट्या लहान मुलाला पुढे पाठवायची वेळ आली तर पाठवू नका.

१५. मोर्चामुळे रस्ता बंद होता. पोलिसांकडून दाखला आणला तर कंपनी किंवा विमा पैसे देईल?

विमान कंपनी देणार नाही. रस्त्यावरची अडचण, मग ती मोर्चा असो, अपघात असो की व्हीआयपींचा ताफा, तिच्या हिशोबात प्रवाशाची असते. डिसेंबरात अधिवेशन चालू असताना झिरो माईल, सिव्हिल लाइन्स, व्हेरायटी चौक हा भाग कधी बंद होईल सांगता येत नाही. दसऱ्याला दीक्षाभूमीच्या परिसरात गर्दी असते. जामठ्याला सामना असेल त्या दिवशी वर्धा रोड बदललेला असतो. या तारखा आधीच माहीत असतात, म्हणून त्या दिवशी सीताबर्डीहून मेट्रो घ्या. एअरपोर्ट स्टेशनला उतरून टर्मिनलपर्यंत ऑटो करावी लागते, कारण स्टेशन वर्धा रोडवर आहे. पहाटेच्या विमानाला मेट्रोचा उपयोग नाही, तेव्हा ती सुरूच झालेली नसते.

विम्याचं वेगळं. पॉलिसीत 'प्रस्थान हुकणे' हे कलम असेल तर वाचा. बऱ्याच पॉलिसींमध्ये बस, रेल्वे अशा सार्वजनिक वाहनाला उशीर झाल्यावरच पैसे मिळतात, स्वतःच्या गाडीने किंवा टॅक्सीने जाममध्ये अडकलात तर नाही. कलम तुमच्या बाजूचं असेल तर बसचं तिकीट, उशिराचा पुरावा, नो-शोचा ईमेल आणि नव्या तिकिटाची पावती हे चारही त्याच दिवशी जमवून ठेवा.

१६. मी वेळेत पोहोचलो होतो. रांग मोठी होती म्हणून काउंटर बंद होईपर्यंत नंबरच आला नाही. हेही नो-शोच का?

नाही, आणि इथे मात्र भांडा. मुदतीच्या आत रांगेत उभे असलेल्या प्रवाशाची गोष्ट रस्त्यात अडकलेल्यापेक्षा वेगळी आहे. शेवटच्या दहा मिनिटांत रांगेतच असाल तर गप्प राहू नका. विमान क्रमांक मोठ्याने सांगून कर्मचाऱ्याला बोलवा. ते बहुतेक वेळा मुदत संपत आलेल्यांना वेगळं काढतात. तरीही नाकारलं तर रांगेचा आणि घड्याळाचा फोटो घ्या, टर्मिनलमध्ये शिरल्याची वेळ दाखवणारं काही असेल तर जपा, आणि ड्युटी मॅनेजरकडून नाकारण्याचं कारण लेखी मागा.

जागांपेक्षा जास्त तिकिटं विकल्यामुळे वेळेत आलेल्याला बसू दिलं नाही, तर डीजीसीएच्या नियमात भरपाई ठरलेली आहे. मूळ विमानाच्या वेळेपासून तासाभरात सुटणारं दुसरं विमान दिलं तर काही नाही. २४ तासांच्या आत दिलं तर एकेरी मूळ भाडं आणि इंधन अधिभाराच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशिरा दिलं तर चौपट, कमाल २०,०००. कंपनीने दाद दिली नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. तिथे पीएनआर, वेळेचे पुरावे आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार जोडा. काउंटरच्या मुदतीनंतर पोहोचलेल्या माणसाने मात्र ही वाट धरू नये, त्याच्यासाठी प्रश्न ६ मधला कर परतावाच आहे.